गेम मोड चालू, तरी कॉल आला की नेट तुटते: दोन सिमच्या फोनची सेटिंग

प्रश्न: दादा, मी औसा तालुक्यातला. बीजीएमआय खेळताना गेम मोड चालू ठेवतो, तरी कॉल आला की गेम अडकतो आणि रीकनेक्टिंग दाखवतो. कधी कधी कॉल नसतानाही पिंग लाल होतं, मागं काहीतरी डाउनलोड होत असावं. अँड्रॉइड फोन आहे, दोन सिम आहेत. बाकीचे कॉल नाही आले तरी चालेल, पण वडील रात्री शेतात पाणी द्यायला जातात, त्यांचा कॉल आलाच पाहिजे. सेटिंग नेमकी कशी करू?

उत्तर:

गेम मोडचे काम बहुतांशी पडद्यापुरते असते. तो कॉलची खिडकी पूर्ण पडद्यावर येऊ देत नाही, नोटिफिकेशनची पट्टी दाबून ठेवतो, फार तर आलेला कॉल स्वतःहून कापतो. परंतु यांपैकी काहीही करायचे म्हटले तरी कॉल आधी फोनपर्यंत पोहोचावा लागतो, आणि तो पोहोचेपर्यंत नेटवर्कच्या पातळीवर जे बिघडायचे ते बिघडून गेलेले असते. म्हणून गेम मोडमधली सगळी बटणे चालू करूनही तुमचा गेम तुटतो. माझ्या परभणीच्या दुकानात हीच तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये गेम मोड जवळपास नेहमी व्यवस्थित लावलेला असतो. दोष सिमच्या सेटिंगमध्ये सापडतो.

त्यामुळे सेटिंगला हात लावण्यापूर्वी एक चाचणी करावी. गेममधल्या सरावाच्या मैदानात उतरा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर राहा आणि मित्राला आधी पहिल्या सिमवर, मग दुसऱ्या सिमवर कॉल करायला सांगा. त्या वेळी दोनच गोष्टींकडे लक्ष ठेवायचे: गेममध्ये दिसणारा पिंगचा, म्हणजे मिलिसेकंदांचा आकडा आणि वरच्या पट्टीतले नेटवर्कचे चिन्ह. गेममध्ये वरची पट्टी झाकलेली असेल, तर कॉल वाजत असताना ती बोटाने खाली ओढून पाहावी. कॉल वाजताच 4G जाऊन तिथे E आले किंवा डेटाचे चिन्हच नाहीसे झाले, तर अडचण सिमची आहे. चिन्ह जागेवर असून आकडाही स्थिर आहे, केवळ पडदा झाकला जातो, असे असेल तर अडचण खरोखर गेम मोडची आहे. आणि कॉल नसताना आकडा हळूहळू चढत तीनशे-चारशेवर जाऊन बसत असेल, तर मागे काहीतरी डेटा ओढत किंवा ढकलत आहे. तुमच्या वर्णनावरून पहिला आणि तिसरा, असे दोन्ही प्रकार तुमच्याकडे असावेत.

पहिल्या प्रकाराचे कारण असे. फोरजीवरून थेट कॉल घेण्याची सोय, म्हणजे सिमच्या सेटिंगमध्ये VoLTE या नावाने दिसणारे बटण, बंद असेल, तर कॉल येताच फोनला फोरजी सोडून खालच्या नेटवर्कवर उतरावे लागते. खासगी कंपन्यांचे थ्रीजी आपल्याकडे जवळपास संपले असल्याने हा उतार बहुधा थेट टूजीवर होतो, आणि टूजीवर आवाज व डेटा एकाच वेळी चालत नाहीत. गेम मोडने कॉल लगेच कापला तरी फोन खाली उतरलेला असतो आणि पुन्हा फोरजीवर चढायला त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गेमचा सर्व्हरशी संपर्क तुटतो. जिओच्या सिमला ही अडचण येत नाही, कारण त्या कंपनीचे टूजी-थ्रीजी नेटवर्कच नाही, सगळे कॉल व्होल्टीवरच असतात. इतर कंपन्यांच्या सिमवर मात्र हे बटण बंद राहू शकते. विशेषतः जुने सिम नव्या फोनमध्ये टाकल्यावर ते एकदा पाहिलेच पाहिजे. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडून प्रत्येक सिमखाली VoLTE चालू आहे का ते पाहा, आणि नेटवर्कच्या पसंतीत केवळ टूजी किंवा थ्रीजी निवडलेले नाही ना याचीही खात्री करा.

दुसरी गोष्ट दोन सिमची. आपण वापरतो त्या बहुतेक फोनमध्ये सिमचे कप्पे दोन असले तरी रेडिओ खऱ्या अर्थाने एकाच सिमसाठी एका वेळी काम करतो. दोन्ही सिम कॉलची वाट पाहत असतात, पण एकीवर बोलणे सुरू झाले की दुसरीचा डेटा थांबतो. समजा तुमचा डेटा पहिल्या सिमवर आहे आणि घरचा जुना नंबर दुसऱ्या सिमवर आहे. दुसऱ्या सिमवर कॉल उचलला की पहिल्या सिमवरचा गेम थांबणार. येथे व्होल्टी चालू असूनही उपयोग होईलच असे नाही. काही फोनमध्ये कॉल चालू असताना डेटा तात्पुरता त्या दुसऱ्या सिमवर नेण्याचा पर्याय असतो. व्हॉट्सॲप किंवा ब्राउझरसाठी तो सोयीचा आहे, परंतु सिम बदलली की फोनचा आयपी पत्ता बदलतो आणि गेमच्या दृष्टीने तुम्ही नवेच कोणीतरी होता, म्हणून रीकनेक्टिंग येतेच. खेळणाऱ्याने तो पर्याय बंद ठेवावा, असे माझे मत आहे.

यावरून तुमच्यासाठी निष्कर्ष सरळ निघतो. वडिलांनी ज्या नंबरवर कॉल करायचा तो नंबर आणि डेटा एकाच सिमवर असावेत आणि त्या सिमवर व्होल्टी चालू असावी. म्हणजे त्यांचा कॉल आला, तुम्ही उचलला, तरी फोरजी टिकून राहते. दुसऱ्या सिमचे काम बँकेच्या ओटीपीपुरतेच असेल, तर सामना सुरू होण्यापूर्वी सिमच्या सेटिंगमधून ती बंद करता येते. तेथील बटण दाबले की ती सिम काढून ठेवल्यासारखी होते, कंपनीच्या रिंगटोन-जाहिरातीचे कॉलही थांबतात. सामना संपल्यावर ती आठवणीने चालू करावी एवढेच.

जिंतूर तालुक्यातल्या एका मुलाचा फोन नेमका असा होता. पहिल्या कप्प्यात डेटाची सिम, दुसऱ्यात वडिलांच्या वेळेपासूनचा नंबर, आणि त्या दुसऱ्या सिमवर व्होल्टी बंद. गेम मोडमध्ये कॉल नाकारण्याचा पर्याय चालू होता, त्यामुळे पडद्यावर काहीच दिसत नसे, पण दर काही वेळाने गेम गोठत असे, आणि तो बिचारा टॉवरला दोष देत असे. कॉलची यादी उघडून गोठण्याच्या वेळा त्याच्याबरोबर ताडून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक वेळी दुसऱ्या सिमवर नाकारलेला कॉल निघाला. व्होल्टी चालू केल्यावर नाकारलेल्या कॉलने गेम तुटणे थांबले. उचललेल्या कॉलने मात्र तो तुटतच राहिला, कारण दोन सिमची मर्यादा सेटिंगने जात नाही. शेवटी घरच्यांना डेटाच्या सिमचा नंबर दिला, तेव्हा तो प्रश्न मिटला.

आता वडिलांच्या कॉलचे. येथे गेम मोडमधला ‘कॉल नाकारा’ हा पर्याय मी तुम्हाला वापरू नका असेच सांगेन. अनेक कंपन्यांच्या गेम मोडमध्ये तो सरसकट असतो, कॉल कोणाचा आहे हे तो पाहत नाही. त्याशिवाय नाकारलेल्या कॉलमध्ये समोरच्याला फोन कापल्याचे कळते. रात्री मोटारीजवळ उभ्या असलेल्या माणसाला आपल्या मुलाने फोन कापला असे वाटले, तर तो पुन्हा लावेलच असे नाही. त्याऐवजी फोनच्या सेटिंगमधला डू नॉट डिस्टर्ब वापरावा. त्यात कॉल कापला जात नाही. समोरच्याला रिंग ऐकू येत राहते, तुमच्याकडे मात्र आवाज होत नाही आणि नंतर मिस्ड कॉल दिसतो.

डू नॉट डिस्टर्बमध्ये कोणाचे कॉल येऊ द्यायचे हे ठरवण्याची जागा असते. तेथे तारांकित संपर्क, म्हणजे Starred contacts, निवडा आणि संपर्कांच्या यादीत आई, वडील आणि शेजारच्या एखाद्या जबाबदार माणसाच्या नावापुढे तारा लावा. त्याच पानावर पुन्हा पुन्हा कॉल करणाऱ्यांसाठी Repeat callers असे बटण असते. ते चालू असेल तर १५ मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो. हे बटण जरूर चालू ठेवा, कारण अडचणीच्या वेळी वडील शेजाऱ्याच्या फोनवरून कॉल करू शकतात आणि त्या नंबरला तारा नसतो. घरी एवढेच सांगून ठेवायचे की निकड असेल तर लागोपाठ दोनदा लावा, आणि व्हॉट्सॲपवर नको, साध्या कॉलनेच लावा. व्हॉट्सॲपचा कॉल फोनच्या लेखी एक प्रकारचे नोटिफिकेशन असल्याने ताऱ्याचा नियम त्याला लागू होईल याची खात्री धरता येत नाही.

गेम मोडमध्ये मग ठेवायचे काय? नोटिफिकेशन अडवणे चालू आणि कॉल लहान पट्टीच्या रूपात दाखवण्याचा पर्याय असेल तर तो चालू. सॅमसंगमध्ये ही सोय गेम बूस्टरमध्ये, शाओमीत गेम टर्बोमध्ये, रियलमी-ओप्पोत गेम स्पेस किंवा गेम्स या नावाने, तर व्हिवोत अल्ट्रा गेम मोडमध्ये असते, आणि आवृत्तीनुसार पर्यायांची नावे व जागा बदलतात. सेटिंगच्या शोधपट्टीत game टाइप केले की ते पान सापडते. सॅमसंगच्या प्रायॉरिटी मोडपासून तुम्ही सांभाळून राहा, तो कॉलही अडवतो. इतके करूनही पडद्यावर चौकोन उमटत असेल, तर तो बहुधा कॉल करणाऱ्याचे नाव ओळखणाऱ्या एखाद्या ॲपचा असतो. त्या ॲपला इतर ॲपवर दिसण्याची परवानगी, म्हणजे Display over other apps, दिलेली असते आणि गेम मोड तिला नेहमीच रोखतो असे नाही. ती परवानगी काढून घ्यावी.

कॉल बंद करण्यासाठी कोड डायल करून सगळे कॉल फॉरवर्ड करण्याचा सल्ला काही व्हिडिओंतून दिला जातो, तो ऐकू नका. *401 ने सुरू होणारे कोड फसवणूक करणाऱ्यांनी इतके वापरले, की कोडवर चालणारी ही फॉरवर्डिंग सेवा एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचे आदेश दूरसंचार विभागाला द्यावे लागले. तुमच्या बाबतीत तर वडिलांचा कॉलही भलत्याच नंबरवर गेला असता.

आता कॉल नसताना लाल होणारे पिंग. गेमला डेटा फारच थोडा लागतो. तासभर खेळूनही तो साधारणतः शंभर मेगाबाइटच्या आतच राहतो. त्यामुळे ‘स्पीड टेस्टमध्ये नेट जोरात आहे, मग गेम का अडकतो’ हा प्रश्न अनेकांना पडतो. गेमला वेगापेक्षा वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे असते. मागे ॲप अपडेट होत असताना डेटाच्या मोठ्या पाकिटांची रांग लागते आणि गेमची चिमुकली पाकिटे त्या रांगेत मागे उभी राहतात, जसे गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे मोटारसायकल अडकते. रस्ता बंद नसतो, मोटारसायकलही नादुरुस्त नसते, पण पोहोचायला उशीर होतो.

बहुतेकजण या ठिकाणी फक्त डाउनलोडचा विचार करतात. माझ्या अनुभवात जास्त त्रास अपलोडचा असतो. मोबाइल नेटवर्कवर वर पाठवण्याची क्षमता खाली आणण्याच्या मानाने कमी असते, आणि तुम्ही गोळी झाडली हे सर्व्हरला कळवायचे असते ते याच वाटेने. लग्नाचे दीडशे फोटो आणि व्हिडिओ गूगल फोटोजमध्ये चढत असतील, तर गेम मोडमध्ये डाउनलोड मर्यादित करण्याचे बटण दाबूनही फरक जाणवेलच असे नाही.

दोषी कोण हे अंदाजाने ठरवू नका. सेटिंगमध्ये सिमच्या डेटा वापराचे पान उघडा, म्हणजे कोणत्या ॲपने किती डेटा वापरला ते उतरत्या क्रमाने दिसते. एखाद्या ॲपवर बोट ठेवले की समोर असताना किती आणि मागे राहून किती, असे दोन वेगळे आकडे येतात. आपल्याला दुसरा आकडा पाहायचा आहे. वायफायवर खेळत असाल, तर वायफायच्या डेटा वापराचे पान वेगळे असते, तेही पाहा. या यादीत बहुधा तीन-चार नावे वर येतात. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून Settings, मग Network preferences, मग Auto-update apps येथे आपोआप अपडेट बंद करता येते. फोन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे ॲप-दुकान मात्र निराळे असते आणि तेही गुपचूप अपडेट करत राहते. तेथे ही सेटिंग पुन्हा करावी लागते, आणि हे बरेचजण विसरतात. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज आणि डेटा या पानावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याच्या खुणा मोबाइल डेटा आणि वायफाय या दोन्हींखाली काढाव्यात. गूगल फोटोजचा बॅकअप मोबाइल डेटावर बंद ठेवावा.

हे सर्व एकेक करण्याचा कंटाळा असेल, तर अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर नावाचे एकच बटण आहे, ते समोर नसलेल्या ॲपचा डेटा अडवते. मात्र ते वापरताना एक खोच लक्षात ठेवावी लागते, आणि ती तुमच्यासारख्याच, कॉल घेणाऱ्या माणसाला बाधते. वडिलांचा कॉल उचलला आणि कॉलची खिडकी पूर्ण पडद्यावर आली, की गेम ‘समोर नसलेला’ ठरतो. मग डेटा सेव्हर त्याचाही डेटा तोडतो, आणि व्होल्टी वगैरे सगळे नीट असूनही रीकनेक्टिंग दिसते. म्हणून डेटा सेव्हरच्या पानावर Unrestricted data ही यादी उघडून तेथे गेमला सूट द्या. मित्रांशी बोलण्यासाठी दुसरे ॲप वापरत असाल तर त्यालाही द्या. व्हॉट्सॲपला सूट दिली नाही तर संदेश उशिरा येतील, सामन्यापुरते ते चालण्यासारखे आहे. आणखी एक बाब अशी, की डेटा सेव्हर चालू असताना फोनवरून हॉटस्पॉट देता येत नाही, तेव्हा बहिणीचा अभ्यास तुमच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर हा मार्ग नको, वरच्या एकेक सेटिंगच करा.

वायफायवर डेटा सेव्हर मुळीच लागू होत नाही, कारण वायफाय म्हणजे न मोजलेला, मुबलक डेटा असे अँड्रॉइड धरून चालते. त्यामुळेच घरच्या वायफायवर आलात की मोबाइल डेटावर अडून राहिलेली सगळी अपडेट आणि बॅकअप एकदम सुटतात, आणि तेच तुमच्या सामन्याच्या वेळी होते. यावर उपाय असा: वायफायच्या यादीत आपल्या नेटवर्कच्या नावापुढचे चाक दाबा, तपशिलात Network usage असे असेल, ते Treat as metered करा. आता डेटा सेव्हर त्या वायफायलाही लागू होतो आणि मोठे बॅकअप व अपडेट वाट पाहत थांबतात. सामने झाल्यावर, झोपण्यापूर्वी, हे पुन्हा पहिल्यासारखे करावे, नाही तर सुरक्षेची अपडेटही अडकून राहतील. गेमचे स्वतःचे नकाशे आणि इतर फाइली लॉबीत उतरत असतील तर त्या पूर्ण होऊ द्याव्यात आणि मगच सामन्यात जावे. त्यांना वरचे कोणतेही बटण अडवत नाही, कारण सूट तुम्हीच दिलेली असते.

वायफायवर खेळताना कॉल अजिबातच नको असतील, तर विमान मोड लावून त्यावर वायफाय चालू करण्याची युक्ती सर्वांत पक्की आहे, फक्त वायफाय कॉलिंग बंद असावे. वडील शेतात असतील त्या रात्री ती वापरू नका. दिवसाच्या सामन्यांना हरकत नाही.

मर्यादाही सांगतो. तुमच्या फोनमधली कोणतीही सेटिंग त्याच राउटरवर किंवा हॉटस्पॉटवर असलेल्या दुसऱ्या फोनला आवरत नाही. घरात कोणी व्हिडिओ पाहत असेल किंवा त्याच्या फोनचा बॅकअप चढत असेल, तर रांग बाहेर लागते. हे ओळखण्यासाठी बाकीचे फोन पाच मिनिटे वायफायवरून काढून आकडा पाहावा. तो खाली आला, तर राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाला वेगाची मर्यादा घालण्याची सोय आहे का ते बघावे. त्याचप्रमाणे गावात एकच टॉवर असेल, तर संध्याकाळी आठ ते दहाच्या दरम्यान सगळ्या गावाचे फोन त्यावर असतात. अशा वेळी एकटा फोन, डेटा सेव्हर चालू, कॉल नाही, तरीही आकडा चढलेला राहतो आणि पहाटे पाहिला तर खाली असतो. पहाटेच्या आणि रात्रीच्या आकड्यांत असा ठळक फरक दिसला, तर सेटिंगमध्ये आणखी काही शोधत बसू नका. दुसऱ्या कंपनीचे सिम मित्राकडून मागून त्याच खोलीत, त्याच वेळी चालवून पाहा.